पाणी आत कुठून आलं, ते पत्रात लिहा

बाबांसाठी 8 जूनला एक जॅकेट घेतलं. 3,299 रुपये. टॅगवर मोठ्या अक्षरात 'वॉटरप्रूफ' आणि त्याखाली '5,000 मिमी'. बाबा 68 वर्षांचे आहेत, दर शनिवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतात आणि पावसाळ्यातही चुकवत नाहीत. जुना रेनकोट घालून घामाने निथळायचे, म्हणून या वेळी जरा चांगलं घ्यायचं ठरवलं होतं.

21 जूनला आम्ही दोघं गेलो. पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. छत्री उघडावी की नको असा प्रश्न पडतो, तेवढीच. अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, "खांद्याला गार लागतंय गं." गडावर पोचून जॅकेट काढलं तर आतल्या सुती शर्टावर दोन्ही खांद्यांपासून काखेपर्यंत ओल्या पट्ट्या. पिठलं-भाकरी येईपर्यंत ते थरथरत बसले होते. मला इतका राग क्वचित येतो. बाबांचं नेहमीचंच, "जाऊ दे, एवढ्यासाठी काय भांडायचं." पण ज्या एका कामासाठी ती वस्तू घेतली, तेच काम तिने केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने जॅकेटला हातही न लावता सांगितलं, "मॅडम, तो घाम असतो. ट्रेकिंगमध्ये सगळ्यांना होतं." मी म्हटलं, घाम फक्त खांद्याच्या रेषेवर कसा येईल? त्यावर, "धुतलं असेल तुम्ही, धुतल्यावर कोटिंग जातं." धुतलेलं नव्हतं. मग त्याने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी जॅकेट घेऊन घरी आले.

येताना एक गोष्ट मात्र लक्षात आली. त्या मुलाकडे तीन उत्तरं तयार होती आणि माझ्याकडे 'भिजलं' एवढा एकच शब्द. 'भिजलं' म्हटलं की समोरचा 'घाम' म्हणणार, आणि वाद तिथेच संपणार. पाणी कुठून आत आलं, हे मला सांगता यायला हवं होतं.

माझं शिक्षण कापड तंत्रज्ञानातलं आहे, म्हणून पुढचं मला सुचलं. पण त्याला शिक्षण लागत नाही. जॅकेट उलटं करून दिव्याखाली धरलं. आतून अस्तर नव्हतं, त्यामुळे शिवणी उघड्याच दिसत होत्या. कापड कितीही चांगलं असलं तरी शिवताना सुई त्याला शेकडो भोकं पाडते. म्हणून खऱ्या वॉटरप्रूफ कपड्यात प्रत्येक शिवणीवर आतून एक चकचकीत पट्टी उष्णता देऊन चिकटवलेली असते, साधारण दोन सेंटीमीटर रुंद. या जॅकेटच्या टोपीला ती होती. खांद्यावर आणि बाही जोडलेल्या गोल शिवणीवर मात्र नुसता दोरा. शर्टावरच्या ओल्या पट्ट्या नेमक्या तिथेच उमटल्या होत्या.

दिसलं ते पुरेसं नव्हतं, दाखवायलाही हवं होतं. एका पातेल्यावर पाठीचं सलग कापड सैल अंथरलं, त्याची वाटीसारखी खळगी केली, खाली कोरा टिश्यू पेपर ठेवला आणि खळगीत पाणी ओतलं. खोली मोजली: 4 सेंटीमीटर. अर्ध्या तासाने टिश्यू कोरडा. मग तीच खळगी अशी केली की खांद्याची शिवण बरोबर मध्ये येईल. तिसऱ्या मिनिटाला टिश्यूवर ठिपक्यांची एक ओळ उमटली, सुईची भोकं मोजता यावीत इतकी स्पष्ट. दहा मिनिटांत टिश्यू लगदा झाला. घड्याळ शेजारी ठेवून दोन्ही वेळा सलग व्हिडिओ काढला. पातेल्याला घाम येत नाही, त्यामुळे दुकानाचं पहिलं उत्तर तिथेच संपलं.

आता टॅगवरच्या 5,000 मिमीबद्दल, कारण फसगत तिथे होते. हा आकडा प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर काढतात. तुकडा यंत्रात घट्ट बसवून त्याच्या एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसले की तो दाब नोंदवतात. 5,000 मिमी म्हणजे पाच मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. माझ्या पातेल्यात चार सेंटीमीटर होते, म्हणजे 40 मिमी. टॅगवरच्या दाबाच्या सव्वाशेव्या हिश्शाला शिवण गळली. टॅगवरचा आकडा कदाचित खोटा नसेलही, कापडाने तर माझ्या पातेल्यात एक थेंब आत येऊ दिला नाही. पण मी कापड घेतलं नव्हतं, जॅकेट घेतलं होतं. कापडाचा आकडा संपूर्ण कपड्याच्या गळ्यात अडकवायचा आणि शिवणींबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, ही मला सरळ फसवणूक वाटते. हातचलाखी वगैरे सौम्य शब्द मी वापरणार नाही.

दुकानाच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगते. घामाने आतून ओल येतेच. पण ती पाठीवर आणि काखेत पसरट येते, कापडाच्या आतल्या बाजूला दमट थर दिसतो आणि शिवणीशी तिचं काही नातं नसतं. गळती रेषेत येते. दुसरं, नव्या जॅकेटवरून पाणी मोत्यांसारखं घरंगळतं ते वरच्या वेगळ्या लेपामुळे. तो वापराने आणि डिटर्जंटने खरंच कमी होतो, मग वरचं कापड ओलं आणि जड होतं, आत गार लागतं. ती नेहमीच गळती नसते. आणि चार-पाच वर्षं वापरलेल्या जॅकेटचा आतला थर पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल, तर तक्रार करायला मी सांगणार नाही. टॅगवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं असेल तरीही तुमची बाजू लंगडी पडते, कारण त्याचा अर्थ थोडा वेळ पाणी थोपवणारं, एवढाच. माझं जॅकेट तेरा दिवसांचं होतं आणि त्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं.

24 जूनला पत्र लिहिलं. फोनवर 'बघतो, कळवतो' होतं आणि त्याचा मागमूस राहत नाही, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवलं आणि तेच ईमेलनेही. मैत्रिणींनी मागितलं म्हणून इथे देते. दुकानाचं नाव काढलं आहे.

"प्रति, व्यवस्थापक,
विषय: सदोष जॅकेटची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,
मी दि. 8 जून रोजी आपल्या दुकानातून एक जॅकेट 3,299 रुपयांना विकत घेतले. त्याच्या टॅगवर 'वॉटरप्रूफ' व '5,000 मिमी' असे छापलेले आहे. दि. 21 जून रोजी ते पहिल्यांदाच वापरले. हलक्या पावसात सुमारे तासाभरात दोन्ही खांद्यांच्या व बाहीच्या शिवणींतून पाणी आत आले. जॅकेट एकदाही धुतलेले नाही. पाठीवर सॅक नव्हती.

तपासले असता फक्त टोपीच्या शिवणींवर आतून टेप असून खांदा व बाहीच्या शिवणींवर ती नाही. 4 सेंटीमीटर पाणी ठेवले असता सलग कापड अर्धा तास कोरडे राहिले, खांद्याची शिवण मात्र तिसऱ्या मिनिटाला गळू लागली. त्यामुळे ही ओल घामाची नाही. दोष वापराचा नसून बांधणीचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(10) नुसार विक्रेत्याने सांगितलेला दर्जा मालात नसणे हा 'दोष' आहे. सदोष माल परत घेऊन रक्कम देण्यास नकार देणे ही कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावरील 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ सदोष मालाला लागू होत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत 3,299 रुपये ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत करावेत. क्रेडिट नोट वा बदली माल मला मान्य नाही. जॅकेट माझ्याकडे आहे त्या स्थितीत ठेवले असून आपण सांगाल तेव्हा दाखवीन व रक्कम मिळताच परत देईन.

सोबत: बिल, टॅगची छायाचित्रे व शिवणींची छायाचित्रे. चाचणीचे दोन व्हिडिओ ईमेलसोबत.
आपली, ..."

पत्रात 'मनस्ताप', 'विश्वासघात' असे शब्द मी मुद्दाम घातले नाहीत. बाबा गडावर थरथरत होते, तेही लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर उत्तरात 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' आलं असतं आणि शिवण बाजूला राहिली असती. 'जॅकेट धुतलेले नाही' आणि 'सॅक नव्हती' ही दोन छोटी वाक्यं मात्र फार उपयोगी पडली, कारण सॅकच्या पट्ट्यांच्या दाबाने खांद्यावर पाणी आत जातं, हे त्यांचं पुढचं उत्तर असणार होतं. तारखेचंही महत्त्व आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल परत घेण्यासाठी कायदा 30 दिवस धरतो. जॅकेट पहिल्या पावसात तपासा, कपाटात ऑगस्टपर्यंत ठेवू नका. आणि टॅग फेकू नका. माझ्या बिलावर फक्त 'जॅकेट' लिहिलं होतं. 'वॉटरप्रूफ' हा शब्द कागदावर होता तो केवळ टॅगवर.

उत्तर आलं नसतं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार होते, आणि तरीही काही झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. आयोग माल प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो. तेवढं लांब जावं लागलं नाही.

5 जुलैला व्यवस्थापकांचा फोन आला. आधी क्रेडिट नोट देतो म्हणाले. मी पत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. मग दुकानात बोलावलं. मी घरून टिश्यू पेपर आणि स्टीलचं पातेलं घेऊन गेले, पाणी त्यांच्याकडचं वापरलं. काउंटरवरच खांद्याची शिवण खळगीत धरली. तो आधीचा मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. या वेळी चौथं मिनिट लागलं. ठिपके उमटले तसे व्यवस्थापक काही बोलले नाहीत, परताव्याचा फॉर्म काढला. चार दिवसांनी पैसे खात्यात आले.

निघताना मी त्यांना रॅककडे बोट करून विचारलं, "याच जॅकेटचे बाकीचे नग तुम्ही काढणार का?" ते म्हणाले, "टॅग कंपनीकडून येतो मॅडम, आमच्या हातात नाही." मी तिथेच एक जॅकेट उलटं करून पाहिलं. टोपीला टेप, खांद्याला नुसता दोरा. गेल्या रविवारी परत डोकावले तर ती अजून त्याच रॅकवर आहेत, त्याच टॅगसकट. आज त्या कंपनीला दुसरं पत्र टाकलं आहे.