प्रोफॉर्मा इनव्हॉइसच्या मेलमध्ये नुसतं 'इनव्हॉइस' लिहून चालत नाही

"प्रोफॉर्मा आणि टॅक्स इनव्हॉइस एकच, पीडीएफवर प्रोफॉर्मा छापलंय ना, मग मेलमध्ये 'इनव्हॉइस जोडलंय, पेमेंट करा' एवढं पुरे. जीएसटी दाखवलाय म्हणजे पार्टीला क्रेडिटपण मिळतं. नंबर बिलाच्याच सिरीजचा द्या, हिशेब सोपा राहतो."

हा मेसेज आपल्या इंदूरच्या कारखानेवाल्यांमध्ये सारखा फिरतोय म्हणून सविस्तर लिहितो, कारण याच्यामुळे पैसे खरंच अडकतात.

आधी क्रेडिटचं बघू, सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. जीएसटी कायद्यात प्रोफॉर्मा नावाचा कागदच नाही. कलम १६ प्रमाणे क्रेडिटसाठी टॅक्स इनव्हॉइस हातात पाहिजे, माल मिळालेला पाहिजे, आणि ते बिल विकणाऱ्याने जीएसटीआर-१ मध्ये दाखवून घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये आलेलं पाहिजे. प्रोफॉर्मा इनव्हॉइस म्हणजे पीआय तिथे कधीच येणार नाही, त्यावर कराची ओळ कितीही ठळक छापा.

सांवेर रोडवरच्या एका ओळखीच्या युनिटचंच बघा ना. नाशिकच्या पार्टीला कन्व्हेयरचा पीआय पाठवला, माल २,४०,००० आणि १८ टक्के आयजीएसटी ४३,२००, टोटल २,८३,२००. हवे होते फक्त ३० टक्के अॅडव्हान्स, म्हणजे ८४,९६०. पण मेलचा विषय होता 'इनव्हॉइस ११८' आणि आत 'कृपया पेमेंट करावे', बस. तिकडच्या अकाउंटवाल्या ताईंनी पूर्ण रक्कम खरेदीत टाकली, ४३,२०० क्रेडिटला धरले, मग २बी मध्ये काही दिसेना तर 'तुम्ही रिटर्न भरलं नाही' म्हणून अॅडव्हान्ससुद्धा रोखून धरला. त्यांचं काय चुकलं सांगा? मेल ज्याने उघडला त्याने पुढे अकाउंटला फॉरवर्ड केला, आणि तिथे आधी विषय आणि फाइलचं नाव वाचतात, पीडीएफच्या डोक्यावरचा बारीक शब्द नंतर.

म्हणून 'वर छापलंय' हे पुरत नाही. तोच मेल असा लिहायला हवा होता:

विषय: आगाऊ कोटेशन (प्रोफॉर्मा) पीआय-११८, कन्व्हेयर, टॅक्स इनव्हॉइस नाही

"सोबत कन्व्हेयरचं आगाऊ कोटेशन जोडलं आहे. हे टॅक्स इनव्हॉइस नाही, कृपया खरेदीत बुक करू नये आणि यावर क्रेडिट घेऊ नये. आत्ता फक्त ८४,९६० रुपये अॅडव्हान्स अपेक्षित आहे, तो मिळाल्यावर रिसीट व्हाउचर पाठवू. कर अंदाजे दाखवला आहे, भाडं माल निघताना ठरेल. टॅक्स इनव्हॉइस माल निघताना वेगळ्या नंबरने येईल, क्रेडिट त्यावरच घ्यावं. हा भाव १५ दिवस कायम राहील."

फाइलचं नावही तसंच, `PI-118.pdf`, `Invoice118.pdf` नाही. लोक म्हणतात एवढं लिहिलं तर पार्टी बिचकते, पण उलट तिला कळतं की आत्ता किती द्यायचे आणि बिल कधी येणार. रिसीट व्हाउचरचं वाक्य गाळू नका, अॅडव्हान्स घेतल्यावर तो कागद द्यावाच लागतो. मालाच्या अॅडव्हान्सवर कर लगेच भरायचा नसतो (कंपोझिशनवाले सोडून), ही सूट १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. सर्व्हिसला मात्र ती नाही, तिथे अॅडव्हान्स आला की कर लागतो, म्हणून इन्स्टॉलेशनचं काम वेगळं घेणार असाल तर आपल्या सीएशी बोलून घ्या.

आता नंबर. बिलाचे नंबर सलग लागतात आणि जीएसटीआर-१ च्या टेबल १३ मध्ये कुठून कुठपर्यंत किती बिलं काढली, किती कॅन्सल केली ते द्यावं लागतं. बिलाच्या सिरीजमधला ११८ पीआयला देऊन टाकला आणि ऑर्डर झालीच नाही तर तिथे भोक पडतं आणि वर्षअखेरीला उत्तर शोधत बसा. ऑर्डर झाली तरी एकाच नंबरचे दोन कागद पार्टीकडे जातात. पीआयची सिरीज वेगळीच ठेवा, यात काहीच अवघड नाही.

पार्टीला चुकीचं समजलंय हे ओळखता येतं: 'बिल बुक केलं' असा रिप्लाय येतो, किंवा २बी मध्ये दिसत नाही म्हणून फोन येतो, किंवा ई-इनव्हॉइसचा क्यूआर कुठंय म्हणून विचारतात. तेव्हा लगेच लेखी कळवा की तो पीआय होता, एंट्री उलटवा, बिल यायचंय.

आणि खरं बिल पाठवताना तो मेलपण मोकळा सोडू नका. त्या कन्व्हेयरमध्ये ६,००० भाडं जोडल्यावर माल २,४६,००० झाला, कर ४४,२८०, टोटल २,९०,२८०. म्हणजे पीआयची रक्कम आणि बिलाची रक्कम वेगळी, अशा वेळी एक ओळ लागतेच: "हे टॅक्स इनव्हॉइस आमच्या पीआय-११८ च्या ऑर्डरचं आहे, अॅडव्हान्स ८४,९६० वजा जाता बाकी २,०५,३२० रुपये."