पंच्याण्णव हजारांत एक: मतदानाचा हिशेब आणि रॅशनल चॉइस

“राज्यशास्त्रातली रॅशनल चॉइस थिअरी केव्हाच मेली आहे. ती म्हणते, माणूस स्वार्थी असतो आणि सतत नफा-तोटा मोजतो. मग एका मताने काही बदलत नाही हे माहीत असूनही कोट्यवधी लोक उन्हात रांगेत का उभे राहतात? उत्तर नाही. म्हणून ‘कर्तव्याचं समाधान’ असं शेपूट जोडून वेळ मारून नेली. आणि मानसशास्त्रज्ञ कानेमनने तर सिद्धच केलं की माणसं हिशेबाने वागत नाहीत.”

हा मजकूर माझ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी राज्यशास्त्र शिकवते आणि यातली निदान एक टीका मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. म्हणूनच ती बाकीच्या चुकीच्या वाक्यांत हरवू नये असं वाटतं.

आधी ‘स्वार्थी’ हा शब्द. सिद्धांताचा गाभा माणसाकडून दोनच गोष्टी मागतो. समोरचे पर्याय त्याला पसंतीच्या क्रमाने लावता यावेत आणि त्या क्रमात विसंगती नसावी. म्हणजे चहा कॉफीपेक्षा आवडतो, कॉफी दुधापेक्षा आवडते, तर दूध चहापेक्षा आवडतं असं तो म्हणणार नाही. मग हाती असलेल्या माहितीवर तो वरचा पर्याय गाठायचा प्रयत्न करतो. त्याला काय आवडावं, याबद्दल गाभा गप्प आहे. पोराच्या फीसाठी स्वतःचं औषध पुढे ढकलणारी आई या अर्थाने पूर्ण रॅशनल आहे. स्वार्थ हे वेगळं गृहीतक आहे. अँथनी डाउन्सने १९५७ साली लोकशाहीचं आर्थिक गणित मांडलं तेव्हा ते घेतलं, पुढेही अनेकांनी सोयीसाठी घेतलं. त्यावर टीका जरूर करावी. पण ते गेलं म्हणून गाभा जात नाही. हा फरक शब्दांपुरता नाही हे मतदानाच्या हिशेबातच दिसतं, म्हणून तो हिशेब एकदा पूर्ण करून बघू.

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले. मतदान झालं होतं सुमारे साडेनऊ लाख. एवढी चुरस होती, तरीही कुठल्याही एका मतदाराने घरी बसायचं ठरवलं असतं तर निकाल तोच लागला असता. म्हणजे एकट्याच्या मताने निकाल फिरणं किती दुर्मीळ आहे बघा.

आता अशाच मतदारसंघात मतदानाच्या आदल्या रात्री बसलेला मतदार डोळ्यांसमोर आणा. सोयीसाठी साडेनऊ लाख मतं दोघा उमेदवारांतच वाटली जाणार असं धरू. त्याला एवढंच ठाऊक आहे की आपल्या उमेदवाराला ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे कितीही मतं पडू शकतात, नक्की किती ते सांगता येत नाही. साडेनऊ लाखांचे दहा टक्के म्हणजे ९५,०००. म्हणजे मतमोजणीचे साधारण ९५,००० वेगवेगळे आकडे सारखेच शक्य आहेत, आणि त्यातल्या बरोबरीच्या एकाच आकड्यावर त्याचं मत निर्णायक ठरतं. शक्यता ९५,००० त एक.

विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डशूक यांनी १९६८ साली हा हिशेब असा मांडला:

R = pB − C + D

R म्हणजे मत देण्यातून शेवटी हाती उरणारा फायदा. p म्हणजे ही शक्यता. B म्हणजे आपला उमेदवार आल्याने होणारा फायदा, C म्हणजे मत द्यायला जाण्याची किंमत. D कडे नंतर येऊ. आपला माणूस निवडून आला तर मला स्वतःला १०,००० रुपयांचा फायदा आहे असं धरा. तर pB झाला साधारण साडेदहा पैसे. रांगेतले दोन तास आणि रिक्षा मिळून C २०० रुपये धरा. साडेदहा पैशांसाठी २०० रुपये कोण घालवेल? स्वार्थी माणूस घरीच बसेल. मजकुरातला आक्षेप इथपर्यंत बरोबर आहे, आणि डाउन्सलाही ही अडचण दिसली होतीच.

पण स्वार्थाचं गृहीतक काढून पाहा. मतदार म्हणतो, हा उमेदवार आला तर मतदारसंघातल्या २० लाख माणसांचं प्रत्येकी १०० रुपयांचं भलं होईल. एकूण २० कोटी. दुसऱ्याच्या एका रुपयाला मी माझ्या दहा पैशांइतकीच किंमत देतो, म्हणजे संत नव्हे, साधा माणूस. तरी माझ्या लेखी B झाला २ कोटी. त्याला ९५,००० ने भागा: २१० रुपये. २०० रुपयांच्या वर. मतदारसंघ मोठा झाला की शक्यता घटते, पण भलं होणारी माणसंही त्याच पटीत वाढतात, म्हणून लोकसंख्या हिशेबातून जवळपास कटून जाते. माझे आकडे कल्पित आहेत, पण ही कटण्याची रीत कल्पित नाही. एडलिन, गेलमन आणि कॅप्लन यांनी २००७ साली नेमकं हेच दाखवलं. माणूस थोडासाही परोपकारी असेल तर रांगेत उभं राहणं हिशेबात बसतं.

मर्यादाही इथेच सांगते. एका बाजूचा विजय निश्चित असेल तर p जवळजवळ शून्य होतो, आणि परोपकाराचे २ कोटीही मग कामी येत नाहीत. तरी अशा मतदारसंघांतसुद्धा लाखो लोक मत देतात. त्यांचं उत्तर D मध्येच शोधावं लागतं.

D म्हणजे निकाल काहीही लागो, मत देण्याच्या कृतीतूनच मिळणारं समाधान. शेपटाची टीका यावर आहे आणि सगळ्या आक्षेपांत हीच सर्वांत दमदार आहे. डोनाल्ड ग्रीन आणि इयन शापिरो यांनी १९९४ साली ती खणखणीतपणे केली. माणूस मत द्यायला गेला की म्हणायचं D मोठा होता, नाही गेला की म्हणायचं D छोटा होता. असं कुठल्याही घटनेला लावता येतं, आणि जे कशालाही लावता येतं ते काहीच समजावत नाही. मी वर्गात हे असंच शिकवते, सौम्य न करता. निकाल बघून D ची किंमत ठरवली, तर सूत्रात काही उरत नाही.

त्यावर उपाय एकच. D ला निकालापासून वेगळं, आधीच हलवून बघायचं. ते झालं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीआधी ॲलन गर्बर, ग्रीन (तेच, टीका करणारे ग्रीन) आणि क्रिस्टोफर लॅरिमर यांनी सुमारे १,८०,००० घरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्याला पत्र गेलं, मतदान हे नागरिकाचं कर्तव्य आहे. आणखी एका गटाच्या पत्रात, तुमच्या घरातल्या आणि शेजाऱ्यांपैकी कुणी गेल्या वेळी मत दिलं आणि कुणी नाही याची यादीच होती. शिवाय, निवडणूक झाल्यावर नवी यादी पुन्हा सगळ्यांना पाठवू, असंही लिहिलं होतं.

पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के झालं. कर्तव्याची आठवण दिलेल्यांत ३१.५. शेजाऱ्यांची यादी मिळालेल्यांत ३७.८. उमेदवार तेच, केंद्र तेच, शक्यता तीच. p, B आणि C जागच्या जागी राहिले, फक्त D हलवला, आणि माणसं त्या दिशेने हलली. आणखी एक गोष्ट यातून कळते. D मधला मोठा वाटा मनातल्या पवित्र समाधानाचा नाही, तो ‘लोक काय म्हणतील’ याचा आहे. आणि लोक काय म्हणतील याचा विचार करणारा माणूस हिशेबीच असतो, फक्त त्याची वही वेगळी.

स्वित्झर्लंडमध्ये हेच उलट बाजूने दिसलं. तिथल्या कँटनांनी, म्हणजे राज्यांनी, टपालाने मतदानाची सोय वेगवेगळ्या वर्षी सुरू केली. C उतरला, म्हणजे मतदान वाढायला हवं. पॅट्रिशिया फुंक यांनी तपासलं तर एकूण वाढ फारशी सापडली नाही, आणि छोट्या गावांचं प्रमाण जास्त असलेल्या कँटनांत मतदान उलट घटलं. घरबसल्या मत टाकता येऊ लागलं तेव्हा केंद्रावर दिसणं संपलं, आणि छोट्या गावात दिसण्यालाच मोल होतं. आपल्याकडे डाव्या तर्जनीवरची शाई दुबार मतदान रोखायला आली. पण तीच कित्येक दिवस घरी, कामावर, किराणा दुकानात सगळ्यांना दिसत राहते.

आता कानेमन. इथे मी टीकाकारांच्या बाजूने आहे, आणि ‘माणसं हिशेब करत नाहीत’ या वाक्यापेक्षा मूळ निष्कर्ष जास्त धारदार आहे. १९८१ साली ट्वर्स्की आणि कानेमन यांनी ६०० माणसं मरू शकतील अशा साथीचा प्रश्न दोन गटांना विचारला. एका गटाला सांगितलं की पहिल्या उपायाने २०० नक्की वाचतील, आणि दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता तीनात एक, कुणीच न वाचण्याची तीनात दोन. ७२ टक्क्यांनी पहिला निवडला. दुसऱ्या गटाला तेच उपाय मरणाऱ्यांच्या भाषेत सांगितले, पहिल्याने ४०० नक्की मरतील. आता ७८ टक्क्यांनी जुगाराचा उपाय घेतला. आकडे तेच, फक्त शब्द फिरवले. परोपकार किंवा D जोडून हे सांधता येत नाही, कारण घाव थेट पसंतीक्रमाच्या सुसंगतीवर आहे, म्हणजे गाभ्यावर. मतदार प्रचारातल्या शब्दांनी फिरतो तिथे रॅशनल चॉइसने बाजूला व्हावं आणि मानसशास्त्राला जागा द्यावी, असं मी स्पष्ट म्हणेन.

पण सगळे निर्णय असे एकदाच, कागदावर, अनोळखी प्रश्नाला दिलेले नसतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या गावात उमेदवाराची माणसं वॉर्डाची यादी घेऊन बसतात आणि एकेका नावापुढे खूण करतात: आपला, त्यांचा, पुण्यात असतो. ‘पुण्यात असतो’ अशी खूण असलेल्यांना फोन जातो, गाडी जाते, रात्री परत सोडायचंही ठरतं. माझ्या चुलतभावाला तीन वेळा फोन आला होता. लोकसभेला त्याला कुणीच बोलावलं नाही. चारशे मतांच्या वॉर्डात p मोठा असतो, म्हणून तिथे C चा खर्च उचलणं परवडतं. ही माणसं सूत्र न लिहिता त्यातली प्रत्येक संज्ञा वापरतात, आणि दर पाच वर्षांनी निकाल त्यांची चूक दुरुस्त करतो. रॅशनल चॉइस चालते ती इथे: डाव पुन्हा पुन्हा येतो, चुकीची किंमत भरावी लागते आणि शिकायला सवड असते.

एका प्रश्नावर मात्र सिद्धांताकडे बोलायला काही नाही. D असतो आणि त्याला हलवता येतं, हे तो सांगतो. तो कुठून येतो, हे सांगत नाही. मानववंशशास्त्रज्ञ मुकुलिका बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात ठिकठिकाणी मतदारांशी बोलून हे शोधलं. रांगेत आपण इतरांच्या बरोबरीचे असतो, यादीत आपलं नाव आहे म्हणजे सरकारच्या लेखी आपण आहोत, असं लोक त्यांना सांगत होते. रोजंदारी बुडवून आलेली बाई आणि जिच्या शेतावर ती राबते ती मालकीण एकाच रांगेत, आल्या त्या क्रमाने उभ्या असतात. त्या बाईसाठी C मालकिणीपेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी ती आलेली असते.