दोन टिंबं

सोमवारच्या मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरने मोठ्या पडद्यावर स्वतःबद्दलचा अहवाल उघडला आणि म्हणाला, "हे कुणी लिहिलंय ते मला जाणून घ्यायचंच नाही." मग त्याने एक वाक्य अगदी सावकाश वाचलं. ते माझं होतं. मीटिंग संपून मी जागेवर पोचेपर्यंत त्याचा मेसेज आला होता : "चहाला येतेस का.."

शेवटी दोन टिंबं. एक नाही, तीन नाहीत. आख्ख्या मजल्यावर वाक्याच्या शेवटी दोन टिंबं देणारी बाई एकच आहे, आणि ती चहाला गेली. चहाचे पैसेही तिनेच दिले.

याला 'अपवर्ड फीडबॅक' म्हणतात. वर्षभर वरून खाली जे येतं, ते सहा महिन्यांतून एकदा खालून वर पाठवायचं. मॅनेजरबद्दलच्या त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'आपली उत्तरं अनामिक राहतील.' पण ज्यांनी फॉर्म भरलेला नाही, नेमक्या त्यांनाच गुरुवारी आठवणीची मेल जाते. मेलमधली लिंक प्रत्येकाची वेगळी असते. म्हणजे कोणी भरला आणि कोणी नाही, हे यंत्राला पक्कं ठाऊक. ही अनामिकता नव्हे, ही गोपनीयता. अनामिक म्हणजे नाव कुठेच नाही. गोपनीय म्हणजे नाव आहे, पण ते पाहणार नाही असं कुणीतरी कबूल केलंय.

तरी मी निश्चिंत होते, कारण चारपेक्षा कमी लोकांची उत्तरं आली तर अहवाल उघडतच नाही असा नियम आहे. आम्ही सात जण. सातांत मी कोण सापडणार?

हे मी कँटीनमध्ये अकाउंट्सच्या काकांना सांगितलं, तिथेच चुकलं. काका बावीस वर्षं ताळेबंद जुळवतायत. त्यांनी वडापावचं बिल उलटं केलं आणि खिशातलं पेन काढलं. "तुमच्या पडद्यावर मॅनेजरच्या गुणांची एकूण सरासरी किती होती?"

"चार. सात जणांची."

"म्हणजे बेरीज अठ्ठावीस. खाली विभागणी असेल ना? नोकरीच्या वर्षांप्रमाणे?"

होती. तीन वर्षांपेक्षा जास्त झालेले सहा जण, सरासरी 4.33. तीन वर्षांखालच्यांचा रकाना नियमाप्रमाणे झाकलेला, कारण तिथे चारपेक्षा कमी माणसं.

"सहा गुणिले 4.33 म्हणजे सव्वीस." काकांनी बिलावर 28 मधून 26 वजा केले आणि खाली दोन रेघा मारल्या, वर्षअखेरीला मारतात तशा. "झाकलेल्या रकान्यात एकच माणूस आहे आणि त्याने 2 दिलेत. तुला इथे किती झाली?"

"चौदा महिने," मी म्हणाले.

"वजाबाकी आली की झालं," काका म्हणाले आणि उरलेला वडा संपवला. मला त्यांचा इतका राग आला! वडा माझा होता.

पण माणूस जाणकार. पुढचा अर्धा तास त्यांनी माझ्या लिहिलेल्या वाक्याचं लेखापरीक्षण केलं. मूळ वाक्य असं : 'मॅनेजर ऐनवेळी कामं देतात.. शुक्रवारी संध्याकाळी 6:40 ला सोमवारचं प्रेझेंटेशन मागितलं.. त्यामुळे मला भाचीच्या बारशाला जाता आलं नाही..'

"बारशाचे पेढे मजल्यावर कुणी वाटले?"

"मीच."

"चांगले होते. मी दोन घेतले."

त्यांचं म्हणणं असं, की वाक्यात तीन गोष्टी माणूस उघडा पाडतात. पहिली, असा प्रसंग जो फक्त तुला आणि त्याला माहीत आहे. 6:40 ची वेळ त्याच्या पाठवलेल्या मेलमध्ये आहे, आणि ती मेल एकाच व्यक्तीला गेलीय. दुसरी, घरची गोष्ट. तिसरी, लिहिण्याची खोड : टिंबं, ठरावीक चुका, आवडता शब्द. 'बेसिकली' प्रत्येक वाक्यात घालणारा एक मुलगा त्यांच्या विभागात होता म्हणे. त्याने फॉर्मवर थेट नाव लिहिलं असतं तरी काही फरक पडला नसता.

मग प्रसंग लिहायचाच नाही का? तसंही नाही. नुसतं 'नियोजन सुधारावं' लिहिलं तर मॅनेजर मान डोलावतो आणि शुक्रवारी पुन्हा 6:40. कमीत कमी तिघांनी अनुभवलेली सवय लिहायची, तारीख-वेळ गाळायची, परिणाम कामावर दाखवायचा, स्वतःवर नव्हे, आणि त्याच्या हातात असलेली एकच गोष्ट मागायची. शुक्रवारचा फटका आमच्यातल्या चौघांना बसतो, म्हणजे तेवढं चालतं. बिलाच्या उरलेल्या कोपऱ्यात काकांनी लिहिलं :

'सोमवारी द्यायची कामं बऱ्याचदा शुक्रवारी संध्याकाळी कळतात. घाईत आकडे तपासायचे राहतात आणि मंगळवारी तीच फाइल पुन्हा करावी लागते. गुरुवारी दुपारी अंदाज मिळाला तर हे टळेल.'

एकही विशेषण नाही. मी 'बेपर्वा' घालूया म्हणाले. काका म्हणाले, बेपर्वा म्हटलंस की तो स्वतःच्या स्वभावाबद्दल वाद घालेल. मंगळवारची फाइल म्हटलंस की त्याला मंगळवारबद्दल बोलावं लागेल. शिवाय एखादं खरं कौतुक घाल म्हणाले. आमचा मॅनेजर क्लायंटसमोर टीमची बाजू घेतो, हे खरंच आहे, कबूल करायला जिवावर येतं इतकंच. पण सगळ्यांनी मिळून एकच वाक्य डकवायचं नाही. सात जणांत तीन सारखी वाक्यं दिसली की तो तक्रार वाचतच नाही, कट कुणी केला ते शोधत बसतो.

आणि हो, छळाची तक्रार या फॉर्मात अजिबात टाकू नये, कितीही हात शिवशिवले तरी. इथे ना पोच मिळते, ना कुणावर चौकशीचं बंधन असतं. लैंगिक छळासाठी 2013 च्या कायद्याने, दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या जागी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. हे सांगताना काका एकदाही हसले नाहीत.

मला खरा राग वेगळाच आहे. शुक्रवारी उशिरा मेल त्याने पाठवायची, आणि शब्द तोलायचे मी, टिंबं मोजायची मी, सरासरीच्या वजाबाक्या मी करायच्या. तीन वर्षांखालचा रकाना झाकताना बाजूचाही एक झाकायला हवा, नाहीतर तो झाकून उपयोग नाही, हे फॉर्म बनवणाऱ्याला कळू नये? काकांना वड्याच्या तेलकट बिलावर कळलं.

काल पुन्हा एक मेल आली. सर्वेक्षणाबद्दलचं सर्वेक्षण. प्रश्न एकच, लाल चांदणीवाला, म्हणजे सक्तीचा : 'मॅनेजरबद्दल मत देताना तुम्हाला सुरक्षित वाटलं का? 1 ते 5.' खाली विभागणी नोकरीच्या वर्षांप्रमाणेच.

बाकीचे सहा जण किती देणार ते आधी विचारून घेतलं. सगळे 4 देतायत. मीही 4 दिले. शेरा लिहायच्या चौकटीत 'हो' लिहिलं आणि पुढे एकच टिंब दिलं.