वीस ग्रॅमच्या बांगड्या मोडताना 18.6 कशा झाल्या

प्रतिक्रिया: "ताई, तुम्ही प्रत्येक लेखात हॉलमार्क हॉलमार्क करता. मी दोन वर्षांपूर्वी हॉलमार्कच्याच खड्याच्या दोन बांगड्या घेतल्या. दुसरीकडे 11 टक्के घडणावळ सांगत होते, इथे 8 टक्के, म्हणून इथे घेतल्या. बिलावर 20 ग्रॅम. परवा त्याच दुकानात मोडायला नेल्या, काट्यावर 20 ग्रॅमच भरल्या. मग म्हणे खडे 0.6 ग्रॅमचे, वर 4 टक्के घट, आणि पैसे 18.6 ग्रॅमचे. काय उपयोग त्या शिक्क्याचा? आमचा घरचा सोनार परवडला. आता मुलीसाठी चेन घ्यायची आहे, ती त्याच्याकडूनच घेणार."

तुमचा राग रास्त आहे, पण तो शिक्क्यावर निघतोय. जे झालं ते बिलात झालं, आणि तेही दोनदा: एकदा घेताना, एकदा मोडताना.

आधी घेतानाचं बघू. हिशेब सोपा जावा म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरते. 20 ग्रॅमचे 2,00,000, त्यावर 8 टक्के घडणावळ 16,000, म्हणजे जीएसटीआधी 2,16,000. आता खडे बाजूला काढा. सोनं होतं 19.4 ग्रॅम, त्याची किंमत 1,94,000. म्हणजे 1,94,000 च्या सोन्यावर तुम्ही 22,000 जास्त मोजलेत. हे साधारण 11.3 टक्के होतात. बोर्डावर 8, खिशातून 11.3! खडे सोन्याच्या भावात विकले गेले, आणि वर त्या खड्यांची घडणावळही तुम्हीच भरलीत.

ते 11 टक्केवाले निव्वळ सोन्यावर घडणावळ लावत असतील, तर त्याच बांगड्या त्यांच्याकडे 2,15,340 ला पडल्या असत्या. खड्यांचे वेगळे हजारभर रुपये लावले असते तरी दोन्ही बिलं जवळपास सारखीच. म्हणून मी टक्के विचारतच नाही. जीएसटी धरायच्या आधीची एकूण रक्कम घ्यायची, तिला निव्वळ वजनाने भागायचं आणि त्यातून त्या दिवसाचा 22 कॅरेटचा भाव वजा करायचा. तुमच्या बाबतीत उत्तर येतं ग्रॅममागे साधारण 1,134 रुपये. मजुरी, वेस्टेज, खडे, पॉलिश, नावं काहीही असोत, सगळं या एका आकड्यात येतं. "घडणावळ शून्य" अशी पाटी असलेल्या दुकानातही हाच आकडा काढून बघा, गंमत कळेल.

आता तुमचं जुनं बिल काढा आणि वजनाचे किती रकाने आहेत ते बघा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर प्रत्येक डागाचं, म्हणजे नगाचं, निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, शिवाय हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं लिहायला हवं असा नियमच आहे. तुमच्या बिलावर नेटच्या रकान्यात 20 असेल तर ते सरळ सरळ चूक आहे, आणि दुकानदाराशी बोलायला तुमच्या हातात कागद आहे. एकच वजन लिहिलं असेल, ग्रॉस की नेट काहीच नसेल, तर तेही नियमाला धरून नाही. (हॉलमार्किंगचं शुल्क मात्र डागामागे 45 रुपये आणि त्यावर जीएसटी, बांगडी 10 ग्रॅमची असो वा 40 ची. "हॉलमार्क आहे ना, म्हणून महाग" असं कोणी म्हणालं तर हा आकडा लक्षात ठेवा.)

दुसरा घाव मोडताना बसला. 19.4 वर 4 टक्के, म्हणजे पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त. आपण धरलेल्या भावाने 7,760 रुपये. ही "घट" आली कुठून? पूर्वी दागिन्याचे जोड सांधणारा डाख हलक्या सोन्याचा असायचा, त्यात तांबं-चांदी जास्त. डाग आटवला की सगळं एकत्र होऊन टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, खाली यायचा, म्हणून सराफ आधीच घट धरून मोकळा व्हायचा. तेव्हा त्याला कारण होतं. पण 916 चा शिक्का म्हणजे हजारात 916 भाग सोनं, आणि ते डाखासकट. शिक्का खरा असेल तर डाखाच्या नावाने घट धरायला जागा नाही. आटवताना मळ आणि मेण जळतं तेवढंच वजन कमी होतं, आणि साध्या बांगडीत ते अगदी किरकोळ असतं.

म्हणून दुकानदाराने तोंडी सांगितलेली घट मान्य करायची नाही. खडे समोर काढायला लावा, वजन करा, समोर आटवायला सांगा, लगडीचं पुन्हा वजन करा आणि मशीनवर टंच काढा. लगड 19.3 भरली आणि टंच 91.6 आला, तर पैसे 19.3 ग्रॅम 22 कॅरेटचेच. त्यातूनही दुकानाला काही कापायचं असेल तर तो त्यांचा नफा आहे. घ्यायचा तर घेऊ देत, पण त्याला घट म्हणू नये.

टंच कमी आला तर? उदाहरणार्थ 89? तर तुमचा आवडता नसलेला तो शिक्का कामाला येतो. हॉलमार्कचं काम बघणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार शुद्धतेत जेवढी तूट असेल तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च विक्रेत्याकडून मागता येतो. मात्र आटवण्याच्या आधी थांबा. लगडीवर शिक्का राहत नाही, आणि मग तक्रार कशाच्या आधारे करणार? शंका असेल तर अख्खी बांगडी हॉलमार्किंग केंद्रात नेऊन फी भरून तपासून घ्या. दुकानातलं मशीन मुख्यतः पृष्ठभाग वाचतं, केंद्रात नमुना काढून आगीची कसोटी करता येते.

शिक्का खरा आहे का, हे घरीही बघता येतं. बांगडीच्या आतल्या बाजूला भिंगाखाली तीन खुणा दिसतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, 22K916, आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी. BIS Care ॲपमध्ये Verify HUID मध्ये तो टाकला की डागाचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि कुठल्या केंद्रात तपासणी झाली ते येतं. दोन बांगड्यांचे दोन वेगळे नंबर हवेत. दोन्हींवर एकच नंबर असेल, किंवा ॲपमध्ये बांगडीच्या जागी अंगठी दिसली, तर नंबर कुठूनतरी उचललेला आहे.

घरच्या सोनाराबद्दल माझी काही तक्रार नाही. वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्यांना हॉलमार्किंगची सक्ती नाही, तेव्हा तो बिनशिक्क्याचं देतो म्हणून लबाड ठरत नाही. मजुरीही बहुतेक ग्रॅमवर ठरवून घेतो, ते मला टक्क्यांपेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण भाव चढला म्हणून कारागिराचं काम वाढत नाही. पण ती चेन उद्या दुसऱ्या गावी मोडायची वेळ आली तर त्याचा शब्द तिथे चालणार नाही. आणि चेनमध्ये प्रत्येक कडीला जोड असतो, म्हणजे डाखाचा प्रश्न बांगडीपेक्षा तिथे जास्त.

तर चेन त्याच्याकडूनच घ्या, पण हॉलमार्क करून आणून द्यायला सांगा. स्वतः नोंदणी केलेली असेल तर तो करून देईल, नसेल तर नोंदणी असलेल्याची चेन मागवून देऊ शकेल. चेन 2 ग्रॅमच्या आतली असेल तर हॉलमार्कची सक्ती नाही, हेही माहीत असू द्या. पोकळ चेन दिसायला भरगच्च, पण पिचली की दुरुस्त होणं कठीण आणि प्रत्येक दुरुस्तीत नवा डाख चढतो, म्हणून रोज घालायची असेल तर बारीक पण भरीवच बघा. आणि बिलावर एक ओळ लिहून घ्या: मोडताना निव्वळ वजन धरणार, कोणत्या भावाने, आणि किती कापणार.