खुलासा: एकाच लेखकाच्या एकाच वर्षाच्या नोंदींतील अ, ब, क कोणत्या क्रमाने?

"प्रबंधात जो लेख आधी उद्धृत होतो त्याला 'अ', नंतरच्याला 'ब' लावायचे", असे मुंबईतील संशोधक विद्यार्थ्यांमध्ये सांगितले जाते.

एपीए आणि शिकागो या संदर्भ देण्याच्या शैलींतील लेखक-वर्ष पद्धतीत हे लागू नाही. तिथे अक्षर संदर्भसूचीतील क्रमावरून ठरते आणि तो क्रम शीर्षकाच्या वर्णानुक्रमाने लागतो. मात्र वृत्तपत्रीय लेखांसारख्या पूर्ण तारीख असलेल्या नोंदी एपीएमध्ये केवळ वर्ष असलेल्या नोंदींनंतर, तारखेच्या क्रमाने येतात.

समजा, देसाई या लेखिकेचे २०१९ चे तीन ग्रंथ आहेत: 'मुंबईची लोकल', 'कोळीवाड्यांची मासेमारी' आणि 'गिरणगावातील चाळी'. प्रबंधात लोकलचा उल्लेख पहिल्याच प्रकरणात असला, तरी सूचीत कोळीवाडे २०१९अ, गिरणगाव २०१९ब आणि लोकल २०१९क होईल. देसाई व पाटील यांचे त्याच वर्षाचे संयुक्त पुस्तक या मालिकेत येत नाही, कारण तिथे लेखकांची नावे वेगळी आहेत.

खरी गफलत नंतर होते. 'चाळींतील भाडेकरू' हे देसाईंचे २०१९ चेच चौथे पुस्तक सूचीत आले, की ते २०१९क होते आणि लोकल २०१९ड. अशा वेळी मजकुरातील सगळे जुने '२०१९क' आधी 'ड' करावेत आणि मगच नव्या पुस्तकाचे उल्लेख घालावेत; क्रम उलटा झाला, तर दोन्ही पुस्तके एकाच अक्षराखाली मिसळतात आणि ती प्रत्येक पृष्ठक्रमांक मूळ पुस्तकाशी ताडूनच वेगळी करावी लागतात.