‘आवडता फ्लेवर कोणता?’ हा प्रश्न पोलमध्ये का नको

एका आइस्क्रीम पार्लरच्या स्टोरीवर नव्या फ्लेवरसाठी पोल होता. त्याचं कॅप्शन मी लिहिलं, त्यावर ही प्रतिक्रिया आली: “आइस्क्रीमच्या स्टोरीवरच्या दोन ओळींसाठी एवढा खल कशाला? लोक फोटो बघतात, बोट टेकवतात, पुढे जातात. आणि तुमचं ‘शुक्रवारी कोणता खायला याल?’ फारच कोरडं वाटलं. ‘तुमचा आवडता फ्लेवर कोणता?’ यात आपुलकी तरी आहे.”

लोक बोट टेकवून पुढे जातात हे खरंच, आणि म्हणूनच सगळी भिस्त त्या दोन ओळींवर असते. आपुलकीचं म्हणाल, तर ‘आवडता कोणता’ या प्रश्नाला माणूस आठवणीतून उत्तर देतो. चॉकलेटसमोर अंजीर-मध ठेवा, चॉकलेट जिंकेल, कारण ते सगळ्यांनी खाल्लेलं असतं. पण ते तर काउंटरवर आधीपासूनच आहे! मग पार्लरवाल्याच्या हाती काय लागलं? म्हणून दोन्ही पर्याय नवे हवेत: अंजीर-मध की कॉफी-दालचिनी. नावंही सारख्याच वजनाची ठेवायची. एकाला ‘मखमली’ म्हणून दुसऱ्याला नुसतं ‘कॉफी’ म्हटलंत, की कौल चवीचा उरत नाही, विशेषणाचा होतो.

माझं कॅप्शन असं होतं: “शुक्रवारी एकच नवा फ्लेवर येणार. कोणता खायला याल? मतदान बुधवारी संध्याकाळी ७ पर्यंत.”

यातले वार तुम्हाला कोरडे वाटले असावेत. पण स्टोरी २४ तास दिसते. मंगळवारी संध्याकाळी ७ वाजता टाकलेल्या स्टोरीत ‘उद्यापर्यंत’ लिहिलं, तर बुधवारी सकाळी ती उघडणारा गुरुवार समजतो. वाराचं नाव लिहिलं की हा घोळ होत नाही.

शुक्रवार ठरतो तो स्वयंपाकघरात. बुधवारी कौल लागला की रात्री दूध-साय-साखरेचं मिश्रण शिजवून गार करतात आणि साधारण ४ अंश सेल्सिअसला रातभर मुरायला ठेवतात. तेवढ्या वेळात त्यातला स्निग्धांश घट्ट होतो, म्हणून मशीनमध्ये हवा नीट धरली जाते. गुरुवारी घुसळायचं, मग उणे १८ किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये रात्रभर कडक होऊ द्यायचं. ‘कौल लागताच दुसऱ्या दिवशी’ असं कॅप्शनमध्ये लिहिणाऱ्याला यातली एक रात्र खावी लागते, आणि गिऱ्हाइकाच्या वाटीत मऊ, लवकर वितळणारं आइस्क्रीम येतं.

आपुलकी दाखवायचीच असेल तर ती मतदानानंतर दाखवा. कोणी कशाला मत दिलं, ही यादी स्टोरी टाकणाऱ्याला दिसते. शुक्रवारी जिंकलेल्या बाजूच्या लोकांना ‘तुम्ही निवडलेला फ्लेवर आला’ एवढंच कळवा. हरलेल्या बाजूला मात्र ‘तुमचाही लवकरच’ असं लिहू नका. तो खरंच बनवणार असाल तरच वार सांगून लिहा.