उत्तर: .env डिलीट केली, म्हणून विषय संपत नाही

प्रतिक्रिया: "लेख उगाच लांबवलाय. .env चुकून कमिट झाली तर डिलीट करून पुन्हा कमिट करायचं, विषय संपला. आमचं रेपो प्रायव्हेटच आहे. व्हॉल्टबद्दल एक ओळ नाही. लिहिण्याआधी जरा प्रॉडक्शनवर काम करून बघा."

उत्तर: लेख लांबला, मान्य. पण शेवटचं वाक्य नसतं तरी तुमचा मुद्दा पोचला असता. एफटीपीने थेट लाइव्ह सर्व्हरवर फाइली चढवायचे, त्या काळापासून मी हेच काम करतोय. रात्री दोनला डेटाबेसचे पासवर्ड बदललेत. असो.

"विषय संपला" म्हणता, तर तुमच्याच रेपोत हे चालवा:

```
git log --all --oneline -- .env
git show 'a1b2c3d^:.env'
```

पहिल्या कमांडने .env ला हात लावणारे कमिट दिसतील. त्यातल्या डिलीटवाल्या कमिटचा क्रमांक दुसरीत a1b2c3d च्या जागी घाला. `^` म्हणजे त्याच्या आधीचा कमिट. अख्खी फाइल पासवर्डसकट समोर येईल. .gitignore मध्ये नाव टाकूनही यात फरक पडत नाही, कारण गिट आधीपासून ट्रॅक करत असलेल्या फाइलला ते लागूच होत नाही.

`git filter-repo` ने इतिहास धुता येतो, पण ज्यांनी आधी क्लोन केलंय त्यांच्या लॅपटॉपवर जुना इतिहास तसाच राहतो. सोडून गेलेल्या इंटर्नच्याही. प्रायव्हेट रेपोचं कौतुक इथेच संपतं.

म्हणून आधी किल्ली बदलायची, सफाई नंतर. एडब्ल्यूएसचं उदाहरण घ्या. एका आयएएम युजरला एका वेळी २ ॲक्सेस की ठेवता येतात, त्यामुळे साइट बंद न पाडता बदल होतो. दुसरी की बनवा, आधी स्टेजिंगवर घालून तपासा, मग प्रॉडक्शनवर घाला आणि प्रोसेस रीस्टार्ट करा. हे रीस्टार्ट लोक विसरतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोसेस सुरू होतानाच मिळतं, त्यामुळे चालू प्रोसेस जुनीच की वापरत राहते. नंतर जुन्या कीची 'Last used' वेळ बघा. ती पुढे सरकत असेल तर कुठला तरी विसरलेला क्रॉन जॉब अजून तीच वापरतोय, किंवा कुणी परका. सरकायची थांबली, तर ती की डिलीट न करता आधी फक्त निष्क्रिय करा. काही अडलंच तर परत चालू करता येते. परका वाटला तर मात्र वाट न बघता लगेच निष्क्रिय करा, साइट अडली तरी चालेल.

आणि स्टेजिंग, प्रॉडक्शनला एकच की वापरत असाल (तुमच्या सुरावरून मला तसंच वाटतंय), तर आधी दोन वेगळे युजर करा. नाहीतर स्टेजिंगची फुटलेली की प्रॉडक्शनचीच असते.

व्हॉल्ट? तिघांच्या टीमने पासवर्ड साठवायचा तो सर्व्हर सांभाळायचा की काम करायचं? त्यावर लिहायचं तेव्हा लिहीन.

वरच्या कमांडने काय दिसलं ते जरूर कळवा. आउटपुट मात्र इथे चिकटवू नका.